नमुना पसंत व्हायचा होता

सत्यभामेचं नुसतं नाव निघालं तरी मालनच्या पोटात कळ उठायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बनाबाईला ते न सांगताच कळलं होतं. सत्यभामेचा विषय निघाला की मालनचा पाय मशीनच्या पायट्यावर जोरात पडायचा आणि दोरा तुटायचा.

दोघी तुळजापूरजवळच्या एकाच वस्तीतल्या. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला तेव्हा दोघी परकऱ्या पोरी होत्या; एकमेकींचा हात धरून तो सोहळा बघत उभ्या होत्या. शाळेतही एकाच रांगेत बसायच्या. पाढे मालनचे पक्के, अक्षर सत्यभामेचं चांगलं. मग मालनचं लग्न ठरलं आणि पाटी सुटली. सत्यभामेचा बाप मात्र अडून बसला, "माझी पोर शिकणार." ती औरंगाबादच्या वसतिगृहात गेली, मॅट्रिक झाली.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा सगळा तालुका खडी फोडायला बसला. मालनही बसली. डोक्याला फडकं, हाताला पट्ट्या, समोर दगडांचा ढीग. एक दिवस हजेरी घ्यायला नवी बाई आली. अंगावर पांढरं पातळ, हातात छत्री. नाव पुकारलं तेव्हा मालननं मान वर केली, तर समोर सत्यभामा.

"मालन, तू व्हय गं?" सत्यभामा म्हणाली. तिच्या आवाजात आनंदच होता, दुसरं काही नव्हतं. पण मालनला तो आनंद दगडासारखा लागला. एकीनं उन्हात खडी फोडायची आणि दुसरीनं छत्रीखाली उभं राहून तिची हजेरी मांडायची. त्या दिवशी जे काही मालनच्या काळजात रुतलं, ते कधी निघालंच नाही.

दुष्काळ सरला. सरकारनं बायांसाठी उस्मानाबादेत शिवणाचा वर्ग काढला. मालनचा नवरा अडत बाजारात हमाली करत होता, म्हणून बिऱ्हाड शहरातच होतं. मालन वर्गाला गेली आणि तिथं तिचा हात असा बसला की वर्गाच्या बाईच म्हणाल्या, कात्री हिच्याच हातात द्या. पुढं त्या वर्गातल्या बायांनी मिळून सहकारी संस्था काढली. महिला शिवण सहकारी संस्था. बस स्टँडामागं भाड्याच्या दोन खोल्या, पायाच्या मशिनी, मधोमध बेतायचं लांब टेबल. मालन चेअरमन झाली. नाव मोठं होतं, पण चेअरमनला झाडू मारावा लागायचा, कापड बेतावं लागायचं, गिऱ्हाइकाशी बोलावंही लागायचं. बनाबाई वयानं सगळ्यांत थोरली. ती काज-बटणं करायची आणि सगळ्यांना धाकात ठेवायची.

पेटीकोट, झबली, दवाखान्याच्या चादरी, असली कामं मिळायची. मोठं काम कधी आलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर ते आलं, आणि ते घेऊन आली सत्यभामा.

ती आता मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मनगटावर घड्याळ, खांद्याला पर्स. ती खोलीत आल्यावर सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. मालनलाही उठावं लागलं.

"आमच्या मुलींना सव्वीस जानेवारीला पोलीस ग्राउंडवर लेझीम करायचंय," सत्यभामा म्हणाली. "नवे गणवेश पाहिजेत. निळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज. सगळ्या मुलींचे. मी आमच्या संस्थेत सांगितलं, आपल्याच बायांकडं काम देऊ."

"आपल्याच बाया," मालननं मनात उचललं. जणू ही देणारी आणि आम्ही घेणाऱ्या.

बोलणी मात्र रीतीनं झाली. मालननं आधी एक नमुना शिवून द्यायचा. वसतिगृहानं तो आठवड्यात पसंत करून कळवायचं. मग सोलापूरहून कापड आणायचं; एकाच खेपेला, म्हणजे रंगाचा फरक पडत नाही. मुलींची मापं घ्यायची, आणि मकर संक्रांतीच्या आसपास सगळा माल पोचवायचा. कामाच्या आनंदात बायांनी चहा सांगितला. मालननंही घेतला. पण काम मिळाल्याचा आनंद एका घोटाला आणि ते सत्यभामेच्या हातून मिळाल्याची जळजळ पुढच्या घोटाला, असा तो चहा तिनं संपवला.

नमुना तिनं जीव ओतून शिवला. स्कर्टाच्या चुण्या सारख्या, ब्लाउजची कॉलर ताठ. दिवाळीआधी तो वसतिगृहात पोचता केला.

आठवडा गेला. निरोप नाही. दिवाळी झाली, तरी निरोप नाही. मालन स्वतः गेली. शिपाई म्हणाला, बाई मीटिंगला आहेत. पुन्हा गेली तेव्हा सत्यभामा भेटली, पण घाईत.

"कॉलर जरा मोठी वाटते का बघतोय आम्ही. सांगते."

त्यानंतर निरोप आला तो चुण्यांचा. चुण्या जास्त आहेत, कमी कराव्यात का? तो विचार चालू असतानाच तिसरा निरोप: निळा गडद घ्यायचा की फिका, ते अजून ठरायचंय. कॉलरचं काय झालं ते कुणीच बोलेना. एक अडचण सुटायच्या आत दुसरी उभी राहायची आणि पक्का होकार कशालाच नाही.

इकडं मशिनी रिकाम्या. या कामापायी मालननं मारवाड्याच्या दुकानाचं पेटीकोटांचं काम परत पाठवलं होतं. बाया रोज येत, बसत, भिंतीला टेकून गप्पा मारत आणि जाताना मालनच्या तोंडाकडं बघत.

मालनला कपड्याचा हिशेब तोंडपाठ होता. रंग ठरल्याशिवाय कापड आणता येत नाही. सुती कापड आणलं की आधी भिजवून वाळवावं लागतं. नाही तर पहिल्या धुण्यात स्कर्ट गुडघ्याच्या वर जातो. उस्मानाबादेत पाण्याची बोंब तर बाराही महिने. मग मापं, बेतणी, शिलाई, काज-बटणं, इस्त्री. डिसेंबर उजाडला तेव्हा तिला स्वच्छ दिसलं, की आज होकार मिळाला तरी संक्रांतीला सगळा माल होत नाही.

आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

टेबलापाशी एकटी उभी असताना तिच्या डोळ्यांपुढं पोलीस ग्राउंड आलं. कलेक्टर, पाहुणे, मांडव. इतर शाळांच्या पोरी नव्या कपड्यांत, आणि सत्यभामेच्या पोरी जुन्या, विटक्या कपड्यांत. तिथं उभ्या सत्यभामेचं तोंड कसं होईल ते मालन चवीनं बघत राहिली. आपण काही करायचं नाही. गप्प बसायचं, बस्स. चूक आपली नाहीच.

बनाबाईनं तिला विचारलं, "त्यांना कळवलंस का, तारीख हुकणार म्हून?"

"त्यांना कळत न्हाई का? शिकल्या-सवरल्या हायेत."

"त्यांना कापड भिजवाया किती येळ लागतो ते कसं कळावं? तू सांगितल्याबिगर?" बनाबाईनं सुई दाताखाली धरली. "सव्वीस तारखेला कपडे न्हाई मिळाले तर लोक काय म्हणतील? रेक्टरबाईनं उशिरा सांगितलं, असं म्हणतील? न्हाई. म्हणतील, बायांच्या संस्थेला काम दिलं अन् बायांनी तोंडघशी पाडलं. पुन्हा कोण काम देतंय आपल्याला?"

मालनला ते पटलं. सत्यभामेला पाडायचं तर तिच्या पाठोपाठ या साऱ्या बायाही पडणार होत्या. एवढं समजून ती दुसऱ्या दिवशी वसतिगृहात गेली.

पण समजणं निराळं आणि जिभेवर ताबा असणं निराळं. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सत्यभामा खुर्चीवर बसलेली. पुढं टेबल, टेबलावर फुलदाणी. चार पालक उभे, दोन शिक्षिका बाजूला. एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि "अक्का, पाणी" म्हणाली. हे सगळं मालननं एका नजरेत पाहिलं, आणि वाटेत जुळवलेले शब्द कुठल्या कुठं गेले.

"रेक्टरबाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या मनगटावर घड्याळ हाय, पर त्यात दिवस कळत न्हाईत वाटतं!"

उभे पालक बाजूला सरले.

"आमच्या बाया महिनाभर हात चोळत बसल्यात. तुमचं आज कॉलर, उद्या चुण्या. संक्रांतीला कपडे मिळायचे न्हाईत. आदीच सांगून ठेवते. मागनं आमच्या नावानं बोंब नको."

सत्यभामेचं तोंड लाल झालं. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. "मालन, तारीख तुम्ही मान्य केली होती. जमत नसेल तर सांगा. सोलापूरला शिवणारे खूप आहेत."

'तू' म्हणणारी सत्यभामा आज 'तुम्ही' म्हणाली होती, आणि तो मान नव्हता. मालन फिरली ती थेट शिवण संस्थेत आली. 

बनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू त्यांना तारीख सांगाया गेलतीस, का तुझं जुनं दुखणं?"

मालन आपलं रिकामं मशीन पुसत राहिली.

"उशीर त्यांचा झाला, हे खरं. पर चारचौघांत तोंडावर मारल्यावर कुठलं माणूस म्हणंल, व्हय बाई, माझं चुकलं? अन् तू नुसतं न्हाई जमायचं म्हणालीस. काय जमंल, ते सांगितलंस का?"

"न्हाई."

"मग ते आदी ठरव. आजपासनं धरून काय जमतंय?"

मालन चिडली होती, पण बेतायच्या टेबलाशी गेली आणि खडू उचलला. टेबलावरच तिनं मांडायला सुरुवात केली. दुसऱ्या बाया भोवती जमल्या. सगळ्या मुलींचे कपडे एकदम द्यायचे, हा हट्टच आधी सोडला. लेझमाला ज्या मुली उभ्या राहणार त्यांचे आधी, बाकीच्यांचे नंतर. स्कर्टाला पट्टीऐवजी नाडी घातली तर कंबरेची वेगवेगळी मापं लागणार नाहीत. लहान, मधली, थोरली अशा तीन मापांत सगळं बेतता येईल. पांढऱ्या कापडाला रंगाचा प्रश्नच नव्हता. ते आजही आणता आलं असतं. ब्लाउजची पाठ, पुढचे भाग, बाह्या शिवून ठेवायच्या आणि कॉलर तेवढी शेवटी. पण निळा रंग, कॉलर आणि चुण्या, या तीन गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसानं ठरवून दिल्या पाहिजेत, आणि नंतर बदल नको. पाण्याचं मात्र कोडं सुटेना. एवढं कापड भिजवायचं तर टँकर लागला असता.

खडूनं टेबल भरून गेलं तेव्हा मालनच्या मनातला राग जरा बाजूला झाला होता. तो गेला नव्हता, बाजूला झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती बनाबाईला घेऊन पुन्हा गेली. या खेपेला तिनं शिपायाकरवी निरोप पाठवला, की कामाचं बोलायचंय, एकांतात. शिपायानं त्यांना आत नेलं ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात. तिथं संस्थेचे सेक्रेटरी नानासाहेब बसले होते. पांढरी टोपी, ढेरी, पुढ्यात पानाचा डबा. कालच्या व्हरांड्यातल्या भांडणाची कुणकुण त्यांच्यापर्यंत पोचली असणार. कोपऱ्यात सत्यभामा उभी होती.

उभी होती, हे मालनच्या डोळ्यांत भरलं. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि घड्याळवाली, पर्सवाली सत्यभामा हात पोटाशी धरून उभी होती. नानासाहेबांनी तिला बसा म्हटलं नव्हतं. मालनला क्षणभर गोड वाटलं, आणि मग ते गोड वाटणं तिला स्वतःलाच नको झालं.

"बोला बाई," नानासाहेब म्हणाले. "कपडे देत नाही म्हणता?"

"देतो साहेब. पर ठरलेल्या तारखेला समदे होत न्हाईत. ते आदीच कानावर घालाया आले."

"का होत नाहीत?"

"नमुना दिवाळीआदी दिला. ठरल्याप्रमाणं आठवड्यात होकार यायचा, तो अजून आला न्हाई. रंग ठरल्याबिगर कापड घेता येत न्हाई. जेवढे दिवस होकाराला लागले, तेवढे शिवायचे दिवस गेले. ते काय आमाला परत मिळायचे न्हाईत."

नानासाहेबांनी मान वळवली. "काय हो सत्यभामाबाई? नमुना कुणाकडं अडला होता? उशीर कुणामुळं झाला?"

सत्यभामा खाली बघत राहिली. मालनला वाटलं, हाच तो क्षण. हिचं नाव घ्यायचं. हिनंच निरोपांवर निरोप पाठवले, हिनंच टाळलं. एवढं म्हटलं की संपलं. ते शब्द तिच्या ओठावर आलेही होते. तेवढ्यात बनाबाईनं नुसतं खाकरून घसा साफ केला.

"साहेब," मालन म्हणाली, "नमुना तुमच्याकडं व्हता, एवढं आमाला ठाऊक. कुणाच्या टेबलावर व्हता, ते तुमच्या घरातलं. ते इचारून कापड शिवून व्हायचं न्हाई. आता सव्वीस तारीख कशी साधायची, त्येवढं बोलू."

नानासाहेब खुर्चीत थोडे सरसावले. "बोला."

आणि मालन बोलली. टेबलावर खडूनं मांडलेलं सगळं एकामागोमाग एक सांगत गेली. लेझमाच्या मुलींचे कपडे सव्वीसच्या आठवडाभर आधी, म्हणजे लहान-मोठं झालं तर दुरुस्तीला सवड राहील. बाकीच्यांचे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यासाठी आजच रंग, कॉलर आणि चुण्या ठरायला हव्यात. उद्या ठरलं तर पहिला वायदाही एक दिवस पुढं जाईल, परवा ठरलं तर दोन दिवस. आणि विचारायचं कुणाला, ते एकच माणूस नेमून द्या.

"फेब्रुवारी?" नानासाहेब म्हणाले. "एवढ्या बाया तुम्ही. जास्त तास बसा की."

"बसणारच हाय साहेब. ते धरूनच सांगितलं. दिवसभर मशीन मारलं तरी काज-बटणाला हात दोनच. खोटी तारीख देऊन तुमाला बरं वाटंल, पर त्या दिवशी कपडे न्हाई दिसायचे."

नानासाहेबांनी पान लावलं.  मालननं पुढचं सांगितलं, "एक अडचण आमची. कापड भिजवाया पाणी न्हाई. टँकर मागवावा तर चार दिवस त्यातच जातील."

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. "वसतिगृहाच्या विहिरीला पाणी आहे," सत्यभामा म्हणाली. "कापड तिकडंच आणा. आवारात दोऱ्या बांधता येतील, दिवसात वाळेल. आणि मोठ्या मुलींना शिवणाचा तास आहेच. बटणं आणि दुमड त्या घालतील. त्यांचाच कपडा, त्याही शिकतील."

मालननं तिच्याकडं पाहिलं. चांगली गोष्ट होती. दोन-तीन दिवस वाचणार होते. आणि ती सत्यभामेला सुचली होती, आपल्याला नाही. मालनला पुन्हा तोच जुना काटा टोचला, एवढ्या कामाच्या बोलण्यातही.

"व्हय, जमंल ते," ती कशीबशी म्हणाली.

नानासाहेबांनी मुनीम बोलावून दोन्ही तारखा आणि तीन गोष्टी कागदावर उतरवायला लावल्या. गडद निळा. लहान कॉलर. चुण्या नमुन्यात होत्या तशाच. विचारायचं ते सत्यभामाबाईंना. सगळ्या मिळून घटकाभराचं काम. त्यासाठी दीड महिना गेला होता.

पुढचं काम पळत सुटलं. मालन दुसऱ्याच दिवशी सोलापूरला जाऊन कापड घेऊन आली, बसच्या टपावर गाठोडी बांधून. वसतिगृहाच्या विहिरीवर पोरींनी रांग लावली. पोहरा वर यायचा, पिपात रिकामा व्हायचा, त्यात कापड बुडायचं. आवारात निळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाऱ्यानं फडफडत राहिल्या. सत्यभामाही पदर खोचून रहाटाला लागली होती. घड्याळ काढून तिनं एका मुलीकडं दिलं होतं. तिचा हात अजून खेड्यातला होता. पोहरा हिंदकळत नव्हता.

दोरीवर कापड ताणताना दोघी समोरासमोर आल्या.

"त्या दिवशी ऑफिसात तू माझं नाव घेतलं नाहीस," सत्यभामा हळूच म्हणाली. "तू" परत आलं होतं. "नमुना नानासाहेबांच्या घरी होता. बायकोला दाखवायला नेला, तो तिकडंच राहिला. कॉलर, चुण्या, रंग, सगळं तिकडून यायचं. मी मागायला गेले की म्हणायचे, बघू. मी काय बोलणार? माझी नोकरी अजून कायम व्हायचीय."

मालननं दोरीचा पीळ घट्ट केला. तिला दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिच्या मागोमाग दुसरा विचार आला, की हिची नोकरी कायम तरी होईल. आपलं काय कायम होणार? मशीनचा पट्टा?

"मग आदी मला तसं सांगायचं," ती म्हणाली. "म्या समजत हुते, तूच मुद्दाम करतीस."

"मुद्दाम कशाला करीन?"

याचं उत्तर मालनपाशी होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ती दुसऱ्या दोरीकडं वळली.

काम निम्म्यावर आलं असताना नानासाहेबांचा शिपाई निरोप घेऊन आला. ब्लाउजच्या खिशावर वसतिगृहाच्या संस्थेचं नाव दोऱ्यानं भरून पाहिजे. बायांनी हातातलं काम थांबवलं. मालन तशीच उठून सत्यभामेकडं गेली, आणि या वेळी व्हरांड्यात नाही, बाजूला घेऊन बोलली.

"नाव भरता येईल. पर एका खिशाला अर्धा दिवस जाईल, अन् भरतकाम येणाऱ्या बाया दोनच हायेत. मग सव्वीसला निम्म्याच पोरींना कपडे मिळतील. नाव पायजे, का समद्या पोरी पायजेत? तुमी ठरवा. कागदावर तुमचं नाव हाय."

सत्यभामेनं फाटकाकडं पाहिलं. वसतिगृहातून नानासाहेबांच्या घरापर्यंतचा रस्ता ती मनात चालून आली असावी. मग म्हणाली, "नाव नको. मी सांगते त्यांना."

ती गेली आणि सांगून आली. काय सांगितलं, नानासाहेब काय म्हणाले, ते मालनला कधी कळलं नाही. पण आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि निरोप मागं घेतला गेला होता.

लेझमाच्या मुलींचे कपडे कबूल केलेल्या दिवशी पोचले. तीन ब्लाउज काखेत घट्ट झाले, ते उसवून पुन्हा शिवले. त्यासाठी ठेवलेली सवड पुरली.

सव्वीस जानेवारीला संस्थेच्या सगळ्या बाया ग्राउंडवर गेल्या. दोऱ्यांपलीकडच्या गर्दीत उभ्या राहिल्या. सत्यभामेच्या पोरी मैदानात आल्या आणि लोक नीट सरसावून बघू लागले. गडद निळे घोळदार स्कर्ट एकाच वेळी वळायचे, लेझमाचा झणत्कार उठायचा. मालनची नजर पोरींच्या तोंडाकडं नव्हती, चुण्यांकडं होती. एकही चुणी विस्कटली नव्हती. तिचा ऊर भरून आला.

मग माइकवर नानासाहेब बोलले. "आमच्या रेक्टर सत्यभामाबाईंनी अहोरात्र धावपळ करून मुलींना हे गणवेश मिळवून दिले." टाळ्या पडल्या. सत्यभामा उभी राहून नमस्कार करत होती. शिवण संस्थेचं नाव कुणी घेतलं नाही.

मालनच्या भरल्या उरात पुन्हा तीच कळ उठली. "बघ," ती बनाबाईला म्हणाली, "शिवलं कुणी अन् टाळ्या कुणाला."

"टाळ्या काय खायच्यात?" बनाबाई म्हणाली. "ती बघ तिकडं. शेजारच्या शाळेच्या बाई इचारत हायेत कपडे कुणी शिवले ते."

खरंच विचारत होत्या. आणि सत्यभामा गर्दीकडं हात करून काहीतरी सांगत होती. तिचा हात आपल्याच दिशेला आहे, हे मालनला दिसलं. तिनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

बाकीचे कपडे फेब्रुवारीत दिलेल्या तारखेला गेले. जूनमध्ये त्या शेजारच्या शाळेचं काम आलं. मालननं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, की नमुन्याला होकार जितका उशिरा द्याल तितके कपडे उशिरा मिळतील, आणि हे आता बोलून ठेवलेलं बरं. शाळेच्या बाई हसल्या, पण होकार चार दिवसांत आला.

मालन आणि सत्यभामा मैत्रिणी झाल्या नाहीत. बाजारात भेटल्या की बोलायच्या, पोराबाळांचं विचारायच्या. सत्यभामेनं नवं पातळ नेसलेलं असलं की मालन त्याचा काठ हातात धरून कापड तपासायची, आणि घरी जाऊन नवऱ्यावर विनाकारण चिडायची. तिचं ते दुखणं वयाबरोबर जुनं झालं, बरं झालं नाही.

पुढच्या वर्षी सत्यभामेची नोकरी कायम झाली. तिनं वसतिगृहाच्या शिपायाबरोबर संस्थेत पेढ्यांचा पुडा पाठवला. मालननं तो उघडला, एकेका बाईच्या हातावर पेढा ठेवत सगळ्या खोलीत फिरली आणि स्वतः न घेता मशीनवर जाऊन बसली.

"तुझा?" बनाबाईनं विचारलं.

"मला गोड आवडत न्हाई."

बनाबाईनं आपला पेढा अर्धा मोडला आणि मशीनच्या फळीवर, सुयांच्या डबीशेजारी ठेवून दिला. मालननं एक आख्खा परकर शिवून काढला. दोरा तोडला. मग इकडंतिकडं बघून तो अर्धा पेढा तोंडात टाकला.